प्रिंटरच्या पोटातला जोड

पाण्याच्या मोटारी भरण्यात माझी चाळीस वर्षं गेली. भोकरदनला घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार भरायची, पांढऱ्या दोऱ्यानं बांधायची, वार्निश पाजायचं आणि उन्हात ठेवायची. माझ्या हातची मोटार विहिरीत सोडली की शेतकरी तिला विसरून जायचा, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे म्हणजे मीही म्हणायचो, आणि जरा जास्तच म्हणायचो.

हा माझा दिमाख सांगायचं कारण, पुढं जे झालं ते ह्या दिमाखानं झालं. आता कितीही हळहळलो तरी ते पुसता येत नाही, निदान लिहून तरी टाकावं.

माझी सून विज्ञान शाखेची पदवीधर. लग्नानंतर सहा महिन्यांनी तिनं विचारलं होतं, "मामा, बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जागा आहे, जाऊ का?" आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. मी हातातला पाना खाली न ठेवताच म्हणालो, "आपल्या घरातल्या सुना लोकाच्या दुकानात बसत न्हाईत." ती बरं म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. माहेरहून मिळालेला लॅपटॉप तिच्याकडं होता. तिनं मराठी टायपिंग पक्कं केलं आणि वर्षभरानं वायफायवर चालणारा एक प्रिंटर घरी आला. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ, प्रिंटर बैठकीत खिडकीखाली, मधे वायर नाही. भाजी चुलीवर असताना ती आतून बटन दाबायची आणि बाहेर कागद पडायचे. घरातली सून घरातच राहिली, आणि काम मात्र तिचं स्वतःचं झालं. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला दिसत होता, मी आंधळा नव्हतो.

गावात दहावीच्या पोरांचा क्लास घेणारे एक सर होते. दर रविवारी सकाळी आठला ते परीक्षा घ्यायचे. आधी पेपर दुकानात छापायचे तर शनिवारीच पोरांपर्यंत फुटायचे. म्हणून सरांनी युक्ती काढली. पेपर ते रविवारी सकाळी सहाला फोनवर पाठवणार, सुनेनं छापून साडेसातपर्यंत तयार ठेवायचा. सहाला कोणतं दुकान उघडं असतं? आणि पेपर कुणाला दाखवणार नाही असा भरवसाही हवा. सर आमच्या बैठकीत बसून म्हणाले, "ताई, हे काम तुमच्याशिवाय कोणाला देता येत न्हाई मला." ती त्या दिवशी चहात साखर टाकायची विसरली, आणि सर तो तसाच पिऊन गेले.

आता त्या यंत्राबद्दल. आणल्या दिवशीच त्यानं नखरे सुरू केले. वायफायला जोडायला गेलं की नुसता दिवा लुकलुकायचा, आणि छापायला गेलं की लॅपटॉपवर 'ऑफलाइन'. दोन दिवस ती त्याच्याशी झटत होती. मग तिला उमगलं की आमच्या राउटरवर वायफायची दोन नावं येतात, एक जुन्या पद्धतीच्या लहरींचं आणि एक नव्या, जास्त वेगाच्या लहरींचं. प्रिंटरला फक्त जुन्याच कळतात. ती त्याला नव्यावर बसवायला बघत होती आणि तो तिथं कधी लागतच नव्हता. शिवाय राउटर मी लोखंडी कपाटावर, पत्र्याच्या पेटीमागं ठेवला होता, उंदीर वायर कुरतडू नयेत म्हणून. लोखंडातून लहर नीट येत नाही, असं तिनं मला सांगितलं. राउटर तिनं बैठकीच्या दारावरच्या फळीवर मोकळा ठेवला आणि प्रिंटर चालू लागला. मी म्हणालो, "नशीब." शाबास म्हणायला काय जात होतं माझं?

सात-आठ रविवार झकास गेले. सरांनी दुसऱ्या एका क्लासचं नाव काढलं, तिकडलेही पेपर द्यायचे म्हणून. आणि मग पुन्हा ते 'ऑफलाइन' सुरू झालं. कधी असायचं, कधी नसायचं. ती बिचारी वहीत लिहून ठेवू लागली, कोणत्या वारी, किती वाजता.

इथं माझा नियम सांगायला पाहिजे. लाईट गेली की मी घरातली सगळी बटनं बंद करतो. लाईट आली की पाच मिनिटं थांबतो, कारण येताना ती फुल्ल दाबानं येते आणि कितीतरी मोटारी अशाच जळून माझ्याकडं आलेल्या आहेत. पाच मिनिटांनी एकेक चालू करायचं, आणि तेही क्रमानं: ज्यात मोटर असेल ते आधी, बाकीचं नंतर. मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते, तिला आधी मोकळी लाईन द्यावी, ही आमच्या धंद्यातली रीत. प्रिंटरमध्ये छोट्या का होईना मोटरी आहेत, म्हणून प्रिंटर आधी. राउटरमध्ये हलणारं काहीच नाही, म्हणून तो सगळ्यात शेवटी. हे मी इतक्या कडक शिस्तीनं करायचो की घरात कुणी बोर्डाला हात लावत नसे.

एका बुधवारी ती दुकानात आली. माझ्यासमोर एक शेतकरी मोटारीची वाट बघत बसलेला. तिच्या हातात वही होती. हळूच म्हणाली, "मामा, थोडं सांगू का? प्रिंटर ऑफलाइन होतो तो दरवेळी लाईट जाऊन आल्यावरच होऊन राह्यला."

"मंग?"

"राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. जो आधी येईल त्याला आधी. तो बंद केला की आपला राउटर वाटलेले नंबर विसरतो. तुम्ही प्रिंटर आधी लावता, तेव्हा राउटर बंदच असतो, प्रिंटर नुसता शोधत बसतो. मंग राउटर चालू झाला की सगळ्यांचे मोबाईल आधी घुसतेत आन् नंबर घेऊन टाकतेत. प्रिंटरला राहील तो मिळतो." तिनं वही पुढं केली. प्रिंटरचं एक बटन दाबून धरलं की तो स्वतःची माहिती एका कागदावर छापून देतो, तसे दोन कागद तिनं चिकटवले होते. "हे बघा, आधी शेवटचा आकडा पाच होता, आता आठ. लॅपटॉप अजूनही पाचलाच हाक मारतो. आन् पाच नंबर आता तुमच्या मोबाईलला गेला."

म्हणजे दहावीचे पेपर माझ्या खिशाला हाका मारत होते. हे ऐकून तो शेतकरी खो खो हसला. "काय मिस्त्री, सुनबाईनं फाल्ट तुमच्यातच काढला की!"

तिनं शहाणपणानं उपायही सांगितला होता. इंटरनेटवाला माणूस सोमवारी येणार होता, राउटरची किल्ली म्हणजे पासवर्ड त्याच्याकडं. तो प्रिंटरचा नंबर कायमचा पक्का करून देणार होता, मग कुणी केव्हाही बटन बंद करो. तोवर एवढंच, की राउटर आधी लावा, दोन मिनिटांनी प्रिंटर. किती साधी गोष्ट! पण माझ्या कानात त्या शेतकऱ्याचं हसणं भरलेलं. मी ओरडलो, "चाळीस वर्षं करंटवर पोट भरलं मी. मला बटन दाबायला शिकवती का? तुझ्या यंत्रातच खोट आहे, नाचता येईना अंगण वाकडं!"

ती वही छातीशी धरून आत गेली. शेतकरी हसायचा थांबला आणि जमिनीकडं बघू लागला.

शनिवारी चतुर्थी होती. ती आणि माझा मुलगा गाडीवर राजूरला गणपतीला गेलते. घरात मी एकटा. डोक्यात तेच चाललेलं, यंत्रात खोट आहे हे दाखवूनच द्यायचं. दुपारी मी प्रिंटर उचलून दुकानात आणला आणि मोटारी उघडतो त्याच टेबलावर उघडला.

आत खोट नव्हती. कागद ओढणारे रबरी रूळ स्वच्छ, पट्टा ताठ, दाते शाबूत. मला मोटरीतलं कळतं आणि मोटरी तर ठणठणीत होत्या. झाकणाच्या आतून एका कडेला बोटाएवढी हिरवी पट्टी होती, तिच्यापासून केसासारख्या चार तारा मुख्य पट्टीवर गेलेल्या. वायफाय पकडणारं कार्ड ते हेच, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी झाकण उलटं करायला गेलो आणि ते त्या तारांना जोडलेलं आहे हे लक्षातच आलं नाही. चारातली एक तार टचकन तुटली.

मोटारीच्या जाड तारेची सवय असलेल्या माझ्या हातांना त्या तारेचं वजनच कळलं नाही. पाच-दहा मिनिटं मी नुसता बघत बसलो. नंतर जे येत होतं ते केलं. दोन्ही टोकं खरवडली, कथील वितळवून डाग दिला, वरून नळीसारखी बारीक स्लीव्ह चढवली, आमच्या पांढऱ्या दोऱ्यानं आवळून बांधली आणि वार्निशचा एक थेंब लावला. झाकण बसवलं. एक स्क्रू उरला, तो खिशात टाकला. प्रिंटर जागेवर नेऊन लावला. वायफायचा निळा दिवा आधी लुकलुकला आणि मग स्थिर झाला. बटन दाबून तो माहितीचा कागद काढून पाहिला, आला. मी देवाचे आभार मानले आणि तो कागद चुलीत घातला.

आता कुणाला सांगायचं कारणच काय, असं मी मनाला समजावलं. मूग गिळून बसलो. संध्याकाळी ती राजूरचा प्रसाद घेऊन आली, पहिला माझ्या हातावर ठेवला, आणि तरीही मी बोललो नाही.

रविवारी सहाला पेपर आला. तिनं आंघोळ उरकून तयारीच ठेवली होती. बैठकीत कागद पडू लागले. मी दात घासत दारात उभा राहून मोजत होतो, कारण धाकधूक मलाच होती. नऊ, दहा, अकरा. आणि थांबले. निळा दिवा लुकलुकायला लागला. आतून तिचा आवाज आला, "अरे देवा, ऑफलाइन!"

आज मला कळतं काय होत होतं ते. शाईचं डोकं इकडून तिकडं पळायला लागलं की प्रिंटर थरथरतो. त्या थरथरीनं माझा जोड हलायचा, कार्डाचा संबंध तुटायचा आणि प्रिंटर वायफायवरून पडायचा. बंद करून चालू केला की परत लागायचा, आठ-दहा पानं द्यायचा आणि पुन्हा पडायचा. एकच पान काढलं तर काहीच जाणवत नव्हतं, म्हणूनच मी शनिवारी फसलो होतो.

तिला हे कसं कळावं? ती तिच्या वहीप्रमाणे गेली. माहितीचा कागद काढला, नंबर बघितला. नंबर बराबर होता, लॅपटॉपमध्येही तोच. राउटर बंद करून चालू केला, आधी राउटर, मग प्रिंटर, ती क्रमानं करत होती आणि मी बघत होतो. प्रिंटर उचलून राउटरच्या खाली नेला, लहर कमी पडत असेल म्हणून. पुन्हा सात पानं आणि पुन्हा बंद. माझा मुलगा वायर आणायला पळाला, वायरनं थेट जोडलं तर वायफायची गरजच नाही. पण साडेसहाला कॉम्प्युटरची दुकानं कुठली उघडी? तो चार्जिंगची वायर घेऊन आला. प्रिंटरचं भोक चौकोनी. ती वायर बसेना तेव्हा तो तिच्यावरच चिडला, "तुला जमत न्हाई तं लोकाचं काम काहून घेती?"

मी तिथंच उभा होतो. तेव्हा बोललो असतो तरी खूप झालं असतं. जोड मी घातलाय, आण तो स्क्रूड्रायव्हर, एवढंच म्हणायचं होतं. पुन्हा डाग दिला असता तर कदाचित पेपर निघालेही असते. पण मी म्हणालो, "मशीनच ते. माणसानं इतका भरवसा ठेवू नये." माझ्या तोंडून निघालेलं हे वाक्य मला अजून ऐकू येतं आणि लाज वाटते.

साडेसातला सर आले. तिच्या हातात साठातले अठ्ठावीस पेपर होते, तेही दोन-तीन पानं कमी असलेले. ती एवढंच म्हणाली, "सर, माझी चूक झाली." सर भले माणूस. "असू द्या ताई, मी फळ्यावर लिहून देतो," म्हणाले. पुढच्या रविवारी पेपर आला नाही. नंतर कळलं, त्यांनी स्वतःच क्लासमध्ये एक प्रिंटर घेतला, वायरवाला. दुसऱ्या क्लासचंही मग कुणी नाव काढलं नाही.

सोमवारी इंटरनेटवाला आला आणि दोन मिनिटांत त्यानं प्रिंटरचा नंबर पक्का करून दिला. ती त्याच्याजवळ उभी राहून बघत होती, पण वही आणली नव्हती.

त्याच आठवड्यात तिनं प्रिंटर चादरीत गुंडाळला आणि एकटी बसनं जालन्याला दुरुस्तीला घेऊन गेली. संध्याकाळी परत आली. मी विचारलं, "काय म्हणे?" म्हणाली, "वायफायचं कार्ड खराब झालंय. खर्चा जास्त आहे म्हणे." तसाच गुंडाळलेला प्रिंटर तिनं माळ्यावर ठेवला. लॅपटॉप नवऱ्याला दिला. ते काम तिनं परत काढलं नाही आणि दुसरंही काढलं नाही. मी मनात म्हणालो, चला, मोटारवाल्याची अब्रू वाचली.

ह्याला दोन वर्षं होऊन गेली. मागच्या महिन्यात एका शेतकऱ्यानं जळालेली मोटार आणली. उघडली तर आत दुसऱ्या मिस्त्रीनं घातलेला कच्चा जोड, वरून नीट झाकलेला. मी नेहमीसारखा भडकलो. "लाज न्हाई वाटत असल्या लोकांना? आपलं ठेवायचं झाकून! बांधला तं बांधला, सांगायचं तरी, त्या गरिबाचं पीक वाळलं!" बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. शेतकरी म्हणाला, "काय झालं मिस्त्री?" मी म्हणालो, काही न्हाई.

त्या दुपारी ती चहा घेऊन आली तेव्हा मी तिला बस म्हणालो. आणि सगळं सांगितलं. राजूरचा शनिवार, तुटलेली तार, डाग, दोरा. बोलताना मी तिच्याकडं बघू शकलो नाही, टेबलावरच्या मोटारीकडं बघत होतो. सांगून झाल्यावर वाटलं, आता ही रडेल, नाहीतर बोलेल. बोलायलाच पाहिजे होतं तिनं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे मामा."

"कधीपासून?"

"जालन्यातच कळलं. दुरुस्तीवाल्यानं झाकण काढलं आन् हसला. म्हणाला, ताई, हे कोण्या मोटारवाल्यानं बांधलंय का? पांढरा दोरा, वार्निश. मला तर झाकण उघडताच वासावरून कळलं. रोज तोच वास येतो आपल्या घरात."

"मंग तू काय म्हणाली त्याला?"

"मीच बांधलं म्हणाले."

मी विचारलं, "आन् घरी? नवरा तुला एवढा बोलला. त्याला तरी सांगायचं."

"त्यांना सांगितलं असतं तं ते तुम्हाला बोलले असते. तुमचं मोठं नाव आहे दुकानाचं." ती पदरानं कपाचा काठ पुसत होती. "मला वाटलं, तुम्ही दोन-चार दिवसांत सांगाल. मी वाट पाह्यली मामा. तुम्ही त्या दिवशी बोलले असते ना, तं मी जालन्यातून दुसरं कार्ड टाकून घेतलं असतं. लई खर्चा नव्हता. मीच खोटं सांगितलं. पण मंग मला वाटलं, ज्या घरात हे चालतं तिथं पुन्हा काम कशाला मांडायचं."

मी म्हणालो, उद्याच जालन्याला जाऊ, नवा घेऊ, तुला पाहिजे तो. बसस्टँडजवळच्या त्या दुकानातही जा, मी अडवणार नाही. माझा आवाज नको तितका मोठा झाला होता.

"राहू द्या," ती म्हणाली, "आता सहाला उठायची सवय मोडली."

तिनं कप उचलला. चहा मी प्यायलोच नव्हतो. गार झाला, दुसरा करते, असं म्हणून ती आत गेली.